प्रपोजल फॉर्मातल्या एका ओळीबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद



सांगलीत आमची तीन भागीदारांची सीए फर्म आहे. व्यावसायिक जबाबदारीचा विमा, म्हणजे आमच्या भाषेत पीआय पॉलिसी, आम्ही काही वर्षांपासून घेतो. आमच्या चुकीमुळे क्लायंटचे नुकसान झाले आणि त्याने भरपाई मागितली, तर ती विमा कंपनीने द्यावी यासाठी. आमचा एक क्लेम नाकारला गेला. त्याबद्दलची तक्रार योग्य ठिकाणी केली आहे आणि ती इथे उगाळायची नाही. मला बोलायचे आहे ते या पॉलिसीसाठी भरून घेतल्या जाणाऱ्या प्रपोजल फॉर्मविषयी.

आधी जे घडले ते सांगते. आमच्या एका हळद व्यापाऱ्याची २०२२-२३ ची उलाढाल साडेतीन कोटींची होती. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांहून जास्त, त्यामुळे टॅक्स ऑडिट लागू. मुदत ३० सप्टेंबर २०२३. आम्ही २८ तारखेला संध्याकाळी अहवाल पोर्टलवर चढवला. पण आम्ही चढवला म्हणजे काम झाले असे नसते. क्लायंटने स्वतःच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो, तोवर तो दाखल झाला असे धरत नाहीत. २८ ला अनंत चतुर्दशी, २९ ला ईदची सुट्टी, मग शनिवार, रविवार आणि गांधी जयंती. आमच्या ऑफिसातल्या मुलाने व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली आणि तोही विसर्जनाला गेला. व्यापाऱ्याने अहवाल स्वीकारला मंगळवारी, ३ ऑक्टोबरला.

ऑक्टोबरातच त्यांचा ईमेल आला : ‘उशीर तुमच्यामुळे झाला. पुढे दंड लागला तर तो आम्ही भरणार नाही.’ अहवाल उशिरा गेला तर उलाढालीच्या अर्धा टक्का, पण जास्तीत जास्त दीड लाख, असा दंड होता. अर्धा टक्का म्हणजे पावणेदोन लाख, म्हणून कमाल दीड लाखच. त्या दिवशी मात्र दंडाची नोटीस नव्हती आणि पैशाची मागणीही नव्हती. आम्ही दिलगिरीचे उत्तर पाठवले आणि पुढच्या रिटर्नला लागलो.

१ एप्रिल २०२४ ला पॉलिसीचे नूतनीकरण. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. त्याचा मराठीत अर्थ असा : गेल्या पाच वर्षांत आपल्याविरुद्ध कोणताही क्लेम झाला आहे काय, किंवा क्लेमला कारण ठरेल अशी कोणतीही परिस्थिती आपल्याला माहीत आहे काय? एकच ओळ आणि शेवटी दोन चौकोन, ‘होय’ आणि ‘नाही’. एजंटने मागच्या वर्षीप्रमाणे ‘नाही’वर खूण केली होती. मी वाचले, ‘क्लेम’ या शब्दापाशी थांबले, आणि सही केली.

पुढच्या वर्षी दंडाचा आदेश निघाला आणि व्यापाऱ्याने वकिलामार्फत दीड लाख मागितले. कंपनीचे उत्तर : हे तुम्हाला ऑक्टोबर २०२३ पासून माहीत होते आणि तुम्ही फॉर्ममध्ये लपवले. मग त्या आधीच्या पॉलिसीत बसवा, म्हटले. ती संपली आणि तिच्या मुदतीत तुम्ही काहीच कळवले नाही, हे उत्तर.

अध्यक्ष महोदय, कंपनीचा तर्क मला कळतो. ही पॉलिसी चूक कधी झाली यावर चालत नाही, क्लेम कधी आला यावर चालते. उद्या क्लेम येईल हे माहीत असलेल्या माणसाने आज स्वस्तात पॉलिसी घेऊ नये, म्हणून तो प्रश्न हवाच. माझी चूकही मी मान्य करते. पण याच पॉलिसीत एक दार असते : वादाची चाहूल लागल्याबरोबर मुदतीच्या आत कळवले, तर क्लेम पुढे केव्हाही आला तरी तो त्याच वर्षाच्या खात्यात धरतात. तो ईमेल ३१ मार्चपूर्वी पुढे पाठवला असता तर आमच्या पन्नास हजारांच्या एक्सेसपलीकडचे लाखभर रुपये मिळण्याची शक्यता होती. शक्यता म्हणते, कारण क्लायंटला लागलेला दंड ही आमच्या दृष्टीने भरपाई की दंडच, यावरही कंपन्या वाद घालतात. पण निदान वाद तरी त्यावर झाला असता.

फॉर्म या दाराविषयी काही बोलत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. ती एक ओळ तोडून तिचे तीन प्रश्न करा. पैशाची मागणी आली आहे का? इन्स्टिट्यूटकडे किंवा सरकारी खात्याकडे तुमच्याविरुद्ध तक्रार आहे का? नाराजीचे पत्र, ईमेल किंवा तुम्हालाच कळलेली एखादी चूक आहे का? तिसऱ्याखाली दोन-तीन उदाहरणे छापा आणि लिहा : ‘होय असेल तर चालू पॉलिसी संपण्यापूर्वी आम्हाला कळवा.’ ‘परिस्थिती’ हा शब्द वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे ईमेल येत नाही. ‘नाराजीचे पत्र’ म्हटले तर येतो.

दुसरी गोष्ट उलाढालीची. फॉर्म एक आकडा मागतो. पहिल्या वर्षी आमच्या मुलाने जीएसटीसकट आकडा लिहिला आणि प्रीमियम तेवढा जास्त गेला, ते सोडा. आमची फी एक कोटी बारा लाख. त्यात ऑडिटचे सेहेचाळीस लाख, जीएसटी आणि रिटर्नचे अडतीस, बँकांच्या समवर्ती ऑडिटचे सोळा, आणि प्रोजेक्ट रिपोर्ट व प्रमाणपत्रांचे बारा. सर्वांत धोक्याचे काम त्या शेवटच्या बारात आहे. निव्वळ मालमत्तेच्या प्रमाणपत्राला आम्ही तीन हजार घेतो आणि त्याच्यावर विसंबून बँक चाळीस लाख देते. कर्ज बुडाले की बँक प्रमाणपत्रावरची सही शोधते, आणि बँक आमची क्लायंटही नसते. हा धोका एकूण आकड्यात दिसत नाही, म्हणून प्रीमियममध्येही दिसत नाही.

शिवाय फॉर्म विचारतो चालू वर्षाची उलाढाल. जीएसटीच्या वार्षिक ताळमेळ विवरणाला सीएचे प्रमाणन लागणे २०२०-२१ पासून बंद झाले, आमची ती फी गेली. पण आधीच्या वर्षांच्या सह्या आमच्याच आहेत आणि त्यांवरून क्लेम आजही येऊ शकतो. फॉर्ममध्ये ‘बंद केलेली कामे’ असा रकाना हवा, आणि पॉलिसीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ती जुनी तारीख हवी, जिच्या अलीकडच्याच कामाला संरक्षण मिळते. स्वस्त म्हणून कंपनी बदलली की ही तारीख बहुधा नवी पडते आणि मागची वर्षे उघडी पडतात. हे मला कळले ते दुसऱ्या फर्मच्या अनुभवावरून, कागदावरून नाही.

भरलेल्या फॉर्मची प्रत विमेदाराला द्यावी असे तुमचेच नियम सांगतात. मला ती मिळाली क्लेम नाकारणाऱ्या पत्रासोबत.

यंदा नूतनीकरणाला मी वेगळा कागद जोडला. गेल्या बारा महिन्यांतल्या चार तक्रारी, तारखांसह : दोन उशिराच्या, एक चुकलेल्या क्रेडिटची, एक नुसतीच फीवरून चिडलेली. एजंट म्हणाला, ‘मॅडम, एवढं कशाला लिहिता? प्रीमियम वाढेल.’ मी तो कागद त्याच्यासमोर फॉर्मला पिनने लावला आणि पोहोच मागितली.

कळावे,
आपली,
एक सनदी लेखापाल, सांगली