जायफळ : चिमूट आणि मूठ

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील एका तरुणाला मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले. परीक्षेच्या काळजीने झोप येईना, म्हणून त्याने रात्री नऊ वाजता दोन जायफळे किसून दुधातून घेतली. दोन तास झाले तरी काहीच जाणवेना. एकच्या सुमारास छाती धडधडू लागली, चेहरा लाल झाला, तोंडाला कोरड पडली. "मी आता मरणार" असे तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला आणि भिंतीवर नसलेली माणसे त्याला दिसू लागली. शेजारचे एक काका भगताला बोलवायला निघाले होते. त्याच्या आईने वेळीच किसणी दाखवली म्हणून बरे झाले.

वाचक बंधू-भगिनींनो, श्रीखंडात आम्ही जायफळ घालतो ते चिमूटभर, आणि तेही आठ-दहा माणसांत वाटले जाते. एक अख्खे जायफळ मात्र साधारण पाच ग्रॅम भरते, आणि विषबाधेची लक्षणे दिसायला तेवढेही पुरे होते. या मुलाच्या पोटात त्याच्या दुप्पट गेले होते.

जायफळाच्या सुगंधी तेलात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. थोडे असले तर यकृत ते मोडून लघवीवाटे बाहेर टाकते. एकदम जास्त आले की ते आणि तेलातील त्याची भावंडे मेंदू व मज्जासंस्थेवर काम करू लागतात. यकृतात मिरिस्टिसिनचे उत्तेजक अँफेटामीनसारख्या द्रव्यात रूपांतर होते, असे पूर्वी बरेच जण सांगत. पण जायफळ खाल्लेल्या माणसाच्या लघवीची तपासणी 2006 साली प्रसिद्ध झाली, तीत तसे द्रव्य सापडले नाही. नेमके कसे घडते याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही.

खरा घात उशिरामुळे होतो. परिणाम सुरू व्हायला तीन ते सहा तास लागतात, म्हणून "काही झाले नाही" असे समजून माणूस आणखी घेतो. अमेरिकेतील काळ्या जनतेचे नेते माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, 1946 नंतर तुरुंगात कैदी काडेपेटीभर जायफळ पाण्यात ढवळून नशेसाठी पीत. हौसेने घेणारे पुन्हा सहसा त्या वाटेला जात नाहीत, कारण मळमळ आणि जड डोके दुसऱ्या दिवशीही सोडत नाही.

डॉक्टरांना आधी धोतऱ्याचा संशय आला. कोरडे तोंड, लाल चेहरा, बडबड, सगळे तसेच होते. पण धोतऱ्याने बाहुल्या मोठ्या होतात, जायफळात बहुधा तशा होत नाहीत, आणि त्याच्या झालेल्या नव्हत्या. यावर उतारा असे औषध नाही. सलाईन लावले, शांत करणारे औषध दिले, नाडीवर लक्ष ठेवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उठून बसला आणि त्याने चहा मागितला.


तान्ह्या बाळाला झोपेसाठी सहाणेवर जायफळ उगाळून देणाऱ्या आयांनी मात्र एक ध्यानात घ्यावे. बाळाचे वजन चार-पाच किलो असते आणि उगाळताना किती उतरले हे कोणी मोजत नाही.