सकाळी सातचा मेसेज आणि उरलेली आमटी



आज थोडी भांडणार आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या श्राविका मंडळाचं रविवारी दिवसभराचं स्वाध्याय शिबिर होतं. ग्रुपवर एकशे दहा जणी. चार दिवसांत आठवणीचे नऊ मेसेज पडले, त्यातले तीन तर रविवारीच, पहिला सकाळी सातला. बहात्तर जणींनी अंगठा दाखवला म्हणून सत्तर ताटांचा स्वयंपाक झाला. आल्या एकेचाळीस.

दुपारी उरलेल्या चपात्या आणि आमटी शेजारच्या गल्लीत वाटली, तरी दोन पातेली राहिली. आपल्याकडे ते रात्रीनंतर ठेवता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. आम्ही पाचजणी पातेल्यांपुढे उभ्या असताना माइकवरून ऐकू आलं की हल्लीच्या सुनांना धर्माची गोडी उरलेली नाही. मला त्याच वाक्याचा राग आहे. गोडी किती उरली ते मला मोजता येत नाही, पण मेसेज चुकीच्या वेळी गेले होते हे मी घड्याळ दाखवून सांगू शकते.

रविवारी सकाळी सात वाजता आपण कुठे असतो? देवदर्शनाला, नाहीतर अंघोळ-अभिषेकाच्या गडबडीत. मोबाइल कपाटावर. नवाला तो मेसेज दिसतो तेव्हा घरच्यांचा नाश्ता अर्धवट असतो, सासूबाईंची औषधं व्हायची असतात, नवऱ्याने दुपारी पाहुणे बोलावलेले असतात. त्या वेळी आठवण करून दिलीत म्हणून त्या घरातलं काहीच हलत नाही. जी निघालेली आहे तिला त्या मेसेजची गरज नाही आणि जी निघू शकत नाही तिला फक्त अपराधी वाटतं. ती मग ग्रुप म्यूट करते आणि पुढच्या शिबिराचा मेसेजही तिला दिसत नाही.

आठवण नेमकी कधी द्यायची, हे मला स्वयंपाकघराने शिकवलं. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीन दिवसांची. रविवारच्या चपात्यांचं पीठ शुक्रवारच्या आत दळलं तर चालत नाही, आणि शनिवारी गिरणीत गर्दी. म्हणून दळण शुक्रवारी संध्याकाळी. म्हणजे आकडा शुक्रवारी दुपारपर्यंत हातात हवा, आणि तो हवा असेल तर गुरुवारी विचारायला हवं. गंमत अशी की येणारीच्या घरालाही हाच दिवस सोयीचा पडतो. गुरुवारी कळलं तर ती मुलीचा क्लास बदलून घेते, नणंदेला म्हणते रविवारी तू ये आईंजवळ. शनिवारी रात्री हे होत नाही.

हिवाळ्यात पीठ सात दिवस चालतं, मग आठवडाभर आधीच विचारून टाकू, असं एक काकू म्हणाल्या. मला ते पटलं नाही. इतक्या आधी कुणीही 'हो' म्हणते, कारण तो दिवस अजून रिकामा दिसतो. आठ-दहा दिवस आधी नुसतं कळवावं, तारीख अडवून ठेवायला तेवढं पुरे. 'हो' मात्र तीन दिवसांवर आल्यावरच मागावा.

आता विचारायचं कसं. 'सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' हा प्रश्नच नाही, त्याला उत्तर काय देणार? अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' एवढाच. 'येताय ना?' याला आपल्यात नाही म्हणणं जड जातं, म्हणून हो मिळतो. मी मागच्या वेळी हट्टाने हे लिहायला लावलं: 'अक्का, रविवारी शिबिराला कशा येणार? किती वाजता निघाल, कुणाबरोबर? जमणार नसेल तर तेही मोकळेपणाने कळवा, ताटं तेवढी कमी धरू.' याने बाई मनात रविवार सकाळ एकदा चालून पाहते. मग एकतर खरा हो येतो, नाहीतर 'अगं, गाडीच नाही' असं समजतं, आणि गाडीचं काहीतरी करता येतं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत 2008 मध्ये पेनसिल्व्हेनियात पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या मतदानाआधी अभ्यासकांनी लोकांना फोन केले. मतदानाला जाणार का, एवढंच विचारण्यापेक्षा किती वाजता, कुठून आणि त्याआधी काय करत असाल, हेही विचारलं तेव्हा मतदान चांगलं वाढलं. पण घाईने टाळ्या वाजवू नका. ती वाढ मुख्यतः एकच मतदार असलेल्या घरांत दिसली, भरल्या घरांत फारशी नाही. आपली घरं भरलेली आहेत. म्हणून माझ्या मते प्रश्न विचारून थांबू नये, घरातल्या कुणाशी काय ठरवावं लागेल तेही बोलावं.

दुसरी आणि शेवटची आठवण आदल्या दिवशी रात्री आठला. सूर्यास्तापूर्वी जेवणं झालेली असतात, ओटा आवरलेला असतो, हात कोरडे असतात. उद्याची साडी काढायची, डबा लागणार नाही हे घरात सांगायचं, ते याच वेळी होतं. अकरा वाजता पाठवलात तर तो सकाळीच वाचला जाणार, म्हणजे पुन्हा सातचाच मेसेज. या मेसेजात सुविचार नको. वेळ, जागा, कोण कुणाला घेणार, बरोबर काय आणायचं, एवढंच. आणि तो फक्त 'हो' म्हणालेल्यांना.

हे ग्रुपवर होत नाही. तिथे एका मेसेजखाली चाळीस 'जय जिनेंद्र' येतात आणि वेळ वर निघून जाते. आमच्या एका ताईंनी मग ब्रॉडकास्ट यादी केली, तर निम्म्या जणींना काही पोचलंच नाही. ज्यांच्या मोबाइलमध्ये आपला नंबर साठवलेला नसतो त्यांना ब्रॉडकास्ट जात नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शेवटी चौघींनी नावं वाटून घेतली, प्रत्येकीला पंचवीस-तीस. गुरुवारी एकेकीला मेसेज, शुक्रवारी सकाळी उत्तर न आलेल्यांना फोन. गुरुवारचं काम दीड तासाचं झालं, नऊ मेसेज रचण्यापेक्षा कमीच.

त्या वेळी अठ्ठावन्न हो आले, एकवीस स्पष्ट नाही आले, उरलेल्या शेवटपर्यंत गप्प. ताटं साठ धरली, आल्या चौपन्न. उरलेल्या चपात्या एका डब्यात मावल्या.

एका शिबिरावरून मी छाती ठोकून काही सांगत नाही. कदाचित वेळेपेक्षा ओळखीच्या बाईने विचारलं याचाच परिणाम जास्त असेल. कदाचित त्या रविवारी पाऊस कमी होता. म्हणून वहीत दर वेळी तीन आकडे लिहायला सुरुवात केली आहे: हो किती, आल्या किती, ताटं किती. हो आणि आलेल्या यांत मोठी फट पडली तर प्रश्न चुकला किंवा फार लवकर विचारला. हो म्हणणाऱ्याच कमी असतील तर आठवणीचा दोष नाही, मग तारीख किंवा कार्यक्रमच बायकांना सोयीचा नाही, आणि कितीही मेसेज टाकलेत तरी ताट रिकामंच राहणार.

दशलक्षण पर्वात दहा दिवस रोज कार्यक्रम आहेत. रोज दोन आठवणी पाठवल्या तर आपणही त्या नऊ मेसेजवाल्यांत जमा. तेव्हा मी फक्त जेवणाच्या दोन दिवसांसाठी नावं वाटून घ्या म्हणाले आहे. बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, 'पण सकाळचा एक मेसेज तरी असू दे ग.' मी म्हटलं, असू दे, पण ज्या आजी एकट्या राहतात आणि ज्यांना रिक्षा पाठवायची आहे त्यांनाच, आणि तोही फोन.