कागदावरचा पगार, बाजारातला तोटा

कर्मचाऱ्याला नोकरीच्या मोबदल्यात कंपनीचे समभाग ठरावीक किमतीला घेण्याचा हक्क मिळतो, त्याला व्यवहारात ‘ईसॉप’ म्हणतात. त्यावरील कर कोणत्या दिवसाच्या भावावर आकारायचा, हा प्रश्न वरवर हिशेबनिसांचा वाटतो. प्रत्यक्षात तो न्यायाचा आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सूचिबद्ध कंपनीने १ एप्रिल २०२१ च्या ग्रँट लेटरद्वारे आपल्या अभियंत्याला १,००० समभाग प्रत्येकी १०० रुपयांना घेण्याचा विकल्प दिला. दरवर्षी २५० या गतीने हा हक्क २०२२ ते २०२५ या काळात पक्का होत गेला. यालाच व्हेस्टिंग म्हणतात. या चारही तारखांना बाजारभाव चढता होता, पण कराच्या दृष्टीने त्यांपैकी एकाही भावाला किंमत नाही. व्हेस्टिंगची तारीख एवढेच सांगते की, विकल्प कधीपासून वापरता येईल.

अभियंत्याने तो वापरला १२ जून २०२५ रोजी. त्या दिवशी बाजार उघडताना भाव ५९० होता आणि बंद होताना ६१०. नियमानुसार दोहोंची सरासरी, म्हणजे ६०० रुपये, हे वाजवी बाजारमूल्य ठरले. त्यातून भरलेले १०० वजा जाता समभागामागे ५०० आणि एकूण पाच लाख रुपये त्याच्या पगारात मिळवले गेले. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह त्यावर १,५६,००० रुपये कर झाला आणि कंपनीने तो वेतनातून कापून घेतला. हाती मात्र एक रुपयाही आलेला नव्हता. उलट समभागांसाठी त्याने एक लाख रुपये भरले होते.

विक्रीच्या वेळी दुसरा हिशेब सुरू होतो. तेथे खरेदीची किंमत १०० नव्हे, ६०० धरली जाते. हे योग्यच आहे, अन्यथा त्याच रकमेवर दोनदा कर बसला असता. धारणकाळ मात्र समभाग प्रत्यक्ष वाटप झाल्यापासून मोजतात. ग्रँट किंवा व्हेस्टिंगपासूनची वर्षे त्यात धरली जात नाहीत. भाव ७०० झाला आणि बारा महिन्यांनंतर विक्री केली, तर एक लाखाचा दीर्घकालीन नफा १.२५ लाखांच्या मर्यादेत बसतो आणि दुसरा कोणताही असा नफा नसल्यास करमुक्त ठरतो.

पण भाव पडला तर? समजा, २० जानेवारी २०२६ रोजी त्याने ३५० रुपयांना सर्व समभाग विकले. हाती आले साडेतीन लाख. भरलेला एक लाख वजा करता खरी कमाई अडीच लाख. कर मात्र आधीच १.५६ लाख गेलेला, म्हणजे कमाईच्या बासष्ट टक्क्यांहून अधिक. कागदोपत्री त्याला अडीच लाखांचा अल्पकालीन भांडवली तोटा झाला, परंतु असा तोटा पगारातून वजा करता येत नाही. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर तो आठ वर्षे पुढे नेता येतो, तोही केवळ भांडवली नफ्यासमोर. ज्याची गुंतवणूक म्हणजे हेच समभाग, त्याला असा नफा कुठून होणार?

अशी घसरण दुर्मीळ नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमची मालक कंपनी २,१५० रुपयांच्या निर्गम किमतीने बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी समभाग सुमारे २७ टक्क्यांनी घसरला.

धोरणकर्त्यांनी या प्रश्नावर पूर्वी वेगळा मार्ग चोखाळला होता. एप्रिल २००७ पासून दोन वर्षे ईसॉपवर फ्रिंज बेनिफिट टॅक्स होता. तेव्हा मूल्य व्हेस्टिंगच्या दिवशीचे धरले जाई आणि कर कंपनी भरी, पण तो कर्मचाऱ्याकडून वसूल करण्याची मुभा तिला होती. २००९ मध्ये तो कर रद्द झाला आणि भार उघडपणे कर्मचाऱ्यावर आला. २०२० च्या वित्त कायद्याने पात्र स्टार्टअपमधील कर्मचाऱ्यांना सवलत दिली: कर लगेच न भरता करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिने, विक्री किंवा नोकरी सोडणे यांपैकी जे आधी घडेल, त्यानंतर चौदा दिवसांत भरावा. मात्र कराची रक्कम विकल्प वापरल्याच्या दिवशीच गोठते. पुढे समभाग मातीमोल झाला, तरी ती घटत नाही. सवलत वेळेची आहे, रकमेची नाही.

अर्थखात्याची बाजू निराधार नाही. कर सरसकट विक्रीपर्यंत ढकलला, तर उच्चपदस्थांचा पगार सवलतीच्या दराच्या भांडवली नफ्यात रूपांतरित होईल, आणि रोख बोनस घेणाऱ्यावर तो अन्याय ठरेल. म्हणून विकल्प वापरताना कर असावा, हे मला मान्य आहे. परंतु त्याच समभागांच्या विक्रीत चोवीस महिन्यांच्या आत तोटा झाला, तर तो त्याच समभागांवर पगार म्हणून धरलेल्या रकमेपुरता वजा करू द्यावा. वरील उदाहरणात करपात्र पगार पाच लाखांवरून अडीच लाखांवर येईल आणि ७८,००० रुपये परत मिळतील. ग्रँट लेटर, वाटपाची तारीख आणि डीमॅट खात्यातील नोंद या तीन कागदांवरून हे पडताळता येते. अडचण एकच आहे: तोपर्यंत मूळ वर्षाचे विवरणपत्र दुरुस्त करण्याची मुदत बहुधा संपलेली असेल, त्यामुळे वजावट विक्रीच्या वर्षातील पगारातून द्यावी लागेल.