यादी सतरा कामांची, आठवडा सात दिवसांचा

मागील पंधरवड्यात, एका शनिवारी, नरखेड तालुक्यातील एका गावाहून एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन माझ्याकडे आल्या. निवृत्त शिक्षक, वय 74, मधुमेह जुना. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी, नागपूरला ठरलेली. सूनबाईंच्या हाती वहीचे एक पान होते. त्यावर सुचतील तशी लिहिलेली सतरा कामे. हयातीचा दाखला सर्वांत वर, गोळ्या सर्वांत खाली, मध्ये विजेचे बिल आणि संत्र्याच्या तोडणीचा हिशेब.

ते पान आम्ही पुन्हा लिहिले. आधी प्रत्येक काम कशासाठी आहे ते पाहून चार गट केले : शस्त्रक्रिया, रोजची औषधे, निवृत्तिवेतन आणि घर-शेती. मग प्रत्येकापुढे त्याची खरी मुदत लिहिली. खरी मुदत उलटे मोजून मिळते. गोळ्या 12 उरल्या होत्या, रोज दोन घ्यायच्या. म्हणजे सहा दिवसांचा साठा. दुकानात औषध न मिळाल्यास हाती दोन दिवस असावेत, म्हणून मुदत बुधवार. सर्वांत खालचे काम वर आले ते असे.

साखरेच्या तपासणीचेही तसेच. साखर वाढलेली निघाली तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागू शकते. औषध बदलून पाहण्यास आठवडा तरी हवा. म्हणून मंगळवारी सकाळी उपाशीपोटी काटोलला रक्त देणे, येताना गोळ्या घेणे आणि गुरुवारी अहवाल मला दाखवणे असे ठरले.

हयातीच्या दाखल्यास नोव्हेंबरअखेरपर्यंत अवकाश होता. परंतु वयाने बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते ओळखत नाही. मग चेहऱ्यावरून ओळख पटवावी लागते. डोळ्यावर पट्टी असताना तेही अडू शकते. म्हणून ते काम शस्त्रक्रियेच्या आधी, शुक्रवारी ठेवले. बिल व हिशेब घरी बसून होणारे. ते मुलाकडे दिले. उरलेली कामे शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात गेली.

एका दिवशी बाहेरगावची एकच फेरी आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा, एवढे पथ्य पाळावे. अहवाल उशिरा आला, बँकेत यंत्र बंद पडले, तर तो मोकळा दिवस उपयोगी पडतो. रविवारी पान पुन्हा पाहावे. एखादे काम सलग तिसऱ्या आठवड्यात सरकले, तर बहुधा ते दुसऱ्या एखाद्या कामासाठी अडलेले असते. ते शोधून आधी लिहावे.

मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे यांना यादीत स्थान नाही. त्यांची मुदत त्याच क्षणी असते.