पोस्टरवर अख्खा प्रबंध चिकटवू नका!

मंडळी, विभागाच्या संशोधन दिनाचं पोस्टर पाहा. प्रस्तावना, उद्दिष्टं, चार-पाच तक्ते, अन् निष्कर्ष कुठं? खाली उजव्या कोपऱ्यात. तिथवर वाचतो कोण?

गडचिरोलीचंच घ्या. अभय अन् राणी बंग यांच्या ‘सर्च’चा नवजात बाळांवरचा अभ्यास 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आपल्याकडं त्याच्या पोस्टरचं शीर्षक झालं असतं, ‘गृहाधारित नवजात सेवेच्या परिणामकारकतेचा अभ्यास’. हा झाला विषय. काय सापडलं, ते यातून कळत नाही.

त्याऐवजी मधोमध ठळक लिहा: ‘गावातल्याच शिकवलेल्या बाईनं घरी येऊन बाळ जपलं, नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले.’ खाली लहान ओळ: ‘39 गावं, तिसरं वर्ष, सेवा नसलेल्या 47 गावांच्या तुलनेत.’ दोन्हीकडच्या मृत्युदराच्या दोन रेषांचा एकच आलेख. बाकी तपशील क्यूआर कोडमध्ये. माइक मॉरिसन यांनी 2019 मध्ये असाच आराखडा मांडला होता.

ती लहान ओळ मात्र गाळू नका. तुलना गेली की संशोधनाची जाहिरात होते.

छापण्याआधी विभागाबाहेरच्या माणसाला चार पावलांवर उभं करा, दहा सेकंद दाखवा, मग विचारा, ‘काय समजलं?’ ‘बाळांवर काहीतरी आहे’ म्हणाला, तर शीर्षक पुन्हा लिहा.

मेळघाटातल्या घरांतून आकडे नेता ना? मग ते पोस्टर चिखलदऱ्यात लावलं, तर आशाताईला उभ्याउभ्या समजलं पाहिजे. एवढं तरी देणं लागतोच आपण.