रोपांना उन्हाची ओळख

संक्रांतीच्या आसपास ज्यांनी घरात टोमॅटोच्या बिया पेरल्या, त्यांची रोपं आता चार-पाच इंचांची झाली असतील. दोन गोल-लांबट बीजपत्रं आणि त्यांवर कातरल्यासारखी तीन-चार खरी पानं दिसत असतील. आपल्या ग्वाल्हेरच्या जानेवारीत रात्रीचा पारा सात-आठच्या आसपास असतो, म्हणून आपण पेरणी घरात करतो. आता थंडी सरली, बाल्कनीत झकास ऊन येतं, आणि सगळ्यांचे हात शिवशिवतात. रविवारी सकाळी बारा कप उचलून उन्हात ठेवायचे, झालं! सोमवारी संध्याकाळी पानांवर पांढरे कागदी डाग दिसतात आणि मग विचारणा सुरू होते, कोणती बुरशी आली, कोणतं औषध मारू?

ती बुरशी नसते. ते ऊन असतं.

घरात खिडकीपासून हातभर आत ठेवलेल्या रोपाला जेमतेम दोन-चार हजार लक्स उजेड मिळतो. बाहेर दुपारच्या स्वच्छ उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा जाणवत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप असेल तर दोन्ही जागी धरून बघा. शिवाय साधी काच अतिनील किरणांमधला जास्त दाहक भाग बराचसा अडवते, त्यामुळे तो थोपवणारी रंगद्रव्यं रोपाने फारशी बनवलेलीच नसतात. पान पातळ असतं, त्यावरचा मेणाचा थरही अगदी नाममात्र असतो. खोलीत वारा नसल्याने पाणी टिकवायची सवय नसते. असं पान एकदम भर उन्हात गेलं की हरितद्रव्य झेपणार नाही इतका उजेड शोषतं आणि स्वतःच जळतं. उरतो तो पांढरट, पापुद्र्यासारखा डाग. तो पुन्हा हिरवा होत नाही.

म्हणून बाहेर कायमचं नेण्याआधी आठ-दहा दिवस रोपं कणखर करून घ्यायची असतात. या दिवसांत जुनी पानं थोडी जाड होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेंड्याला येणारी नवी पानं उन्हातच जन्मतात आणि उन्हाची तयारी करूनच उमलतात. हे काम एका दिवसात उरकत नाही, कारण पान वाढायलाच तेवढा वेळ लागतो.

आपल्याकडे यात घाईही करता येत नाही आणि उशीरही परवडत नाही. टोमॅटोला फळ धरायला रात्री जरा गार लागतात. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी चाळिशीकडे पारा चढला आणि रात्रीही तापायला लागल्या की फुलं येतात पण गळून पडतात. म्हणजे फेब्रुवारीअखेर रोप मोठ्या कुंडीत लागलं, तर मार्चअखेर फुलं आणि लू सुरू होण्याआधी फळधारणा, असा तो हिशेब आहे. फेब्रुवारीत रोपं जळली आणि पुन्हा बी पेरलं, तर ऐन लूत फुलं येणार. त्या हंगामाचे टोमॅटो गेलेच म्हणून समजा. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणून होळीपर्यंत थांबणाऱ्यांचंही तेच होतं.

आता माझ्या भाचीचं उदाहरण सांगते. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी दक्षिणेला. दक्षिणेच्या बाल्कनीची एक गंमत लक्षात ठेवा: तिथे मे महिन्यापेक्षा फेब्रुवारीत जास्त ऊन येतं. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे वरच्या स्लॅबची सावली पडते. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत पोहोचतं. तिच्याकडे सकाळी नऊपासून चारपर्यंत सलग ऊन असतं. त्यात पांढऱ्या फरश्यांवरून उजेड परावर्तित होतो तो वेगळा. गेल्या वर्षी चेरी टोमॅटोची बारा रोपं होती, कागदी कपांत. ती साडेनऊला ऑफिसला जाते, घरी आजी. आजींचे गुडघे बघता ट्रे दर तासाला आत-बाहेर करणं त्यांना जमणारं नव्हतं.

मग आम्ही रोपं हलवायची नाहीत, सावली हलवायची असं ठरवलं. आधीच्या सुट्टीच्या दिवशी भाचीने दर तासाला फरशीवर खडूने उन्हाची कड आखून ठेवली. हे तुम्हीही जरूर करा, कारण सकाळी दहाला सावलीत असलेली जागा एकला भर उन्हात असू शकते, आणि बहुतेक रोपं अशाच जागी जळतात. ट्रेखाली लाकडी फळी ठेवली. तापलेल्या फरशीवर छोटा कप ठेवला तर मुळंही तापतात आणि माती दुपारपर्यंत वाळते. वर दोन स्टुलांच्या आधाराने आजींची जुनी पांढरी सुती साडी ताणून बांधली, दुहेरी घडी करून. रोपांपासून कापड फूटभर वर, म्हणजे खाली हवा खेळती राहते.

पहिले दोन दिवस रोपं दुहेरी साडीखालीच होती, तीही सकाळी नऊ ते बारा. नंतर आत. या दोन दिवसांत खरी परीक्षा उन्हाची नसतेच, वाऱ्याची असते. तिसऱ्या मजल्यावरचा वारा पानांतलं पाणी भराभर ओढून नेतो आणि खोलीत वाढलेली मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. पहिल्या दिवशी अकरालाच चार रोपांनी माना टाकल्या. आजी पाण्याचा तांब्या घेऊन निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. आधी कप उचलून बघायचा. जड लागला तर माती ओली आहे. अशा वेळी पाणी घातलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि रोप आणखी लोळतं. ते फक्त आडोशाला ठेवायचं. संध्याकाळपर्यंत चारही रोपं सरळ झाली. हाच कोमेजण्यातला आणि जळण्यातला फरक: कोमेजलेलं पान सावलीत गेलं की काही तासांत उठतं, जळलेलं उठलं तरी डाग तसाच राहतो. कप हलका लागला तर मात्र लगेच पाणी द्यायचं. रोपांना तहानेने व्याकूळ करणं म्हणजे कणखर करणं नव्हे. पाणी थोडं लांबवायचं, इतकंच. या दिवसांत शेणखताचं पाणी, युरिया वगैरे काही देऊ नका, नाहीतर आणखी लुसलुशीत पालवी फुटते आणि तीच आधी जळते.

तिसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ ते साडेनऊ उघडं ऊन, आणि भाची निघताना दुहेरी साडी वर. मग रोज उघड्या उन्हाची वेळ वाढवत नेली, पण ती भाची निघेपर्यंतच शक्य होती. म्हणून पाचव्या दिवशी साडी एकेरी केली. उघड्या उन्हाचे तास वाढवता येत नसतील तर सावली विरळ करायची, हिशेब तोच. दुपारीही आता रोपं बाहेर, पण एकेरी कापडाखाली. बाजारातली हिरवी जाळी वापरलीत तरी चालेल, अर्धं ऊन अडवणारी पन्नास टक्क्यांची घ्या.

चौथ्या दिवशी कडेचं एक रोप साडीच्या बाहेर राहून गेलं होतं. संध्याकाळी त्याच्या वरच्या दोन पानांवर पांढरे चट्टे. भाची पानं खुडायला निघाली होती. खुडू नयेत. अर्धं जळलेलं पानही उरलेल्या हिरव्या भागातून अन्न बनवतं, आणि या वयात रोपाकडे पानं असतात किती? ते रोप दोन दिवस पुन्हा दुहेरी कापडाखाली ठेवलं. आठवड्याने शेंड्याला आलेली दोन पानं स्वच्छ, गर्द हिरवी होती. म्हणजे ते वाचलं. शेंडाच वाळला असता, तर मात्र जागा अडवण्यापेक्षा काढून टाकलेलं बरं.

सातव्या-आठव्या दिवशी साडी फक्त बारा ते तीन. नवव्या दिवशी पूर्ण उघडं, सुट्टी होती म्हणून भाची घरी असताना. दुपारी दीड वाजता एकही पान लोंबलं नाही, ही खरी खूण. देठावर जांभळट झाक आलेली होती, पानं हाताला जाड लागत होती, आणि उंची फारशी वाढलेली नव्हती. ते अपेक्षितच असतं. रात्री मात्र रोपं आतच होती. शेवटच्या दोन रात्री तेवढी बाहेर ठेवली, रात्रीचा पारा दहाच्या खाली जात नाही याची खात्री करून. दहाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, ऊन उतरल्यावर, कुंड्यांत लावली. त्यातली जी किडकिडीत उंच झाली होती, ती बीजपत्रांपर्यंत मातीत पुरली, कारण टोमॅटोच्या दांड्याला मातीत मुळं फुटतात.

दहा दिवसांचे वीस करू नका. छोट्या कपात अडकून राहिलेलं रोप निबर होतं, दांडा लाकडासारखा होतो आणि कुंडीत गेल्यावरही ते बरेच दिवस जागचं हलत नाही. दोन आठवडे ही हद्द समजा. मध्येच ढगाळ दिवस आला, तर तो मोजणीत धरू नका. ढगांनंतरचं पहिलं लख्ख ऊन हमखास दगा देतं, त्या दिवशी साडी पुन्हा वर.

मिरची आणि वांग्यालाही हीच रीत, पण मिरचीची वाढ सावकाश, म्हणून तिला दोन-तीन दिवस जास्त द्या आणि रात्री तेरा-चौदाच्या वर गेल्याशिवाय बाहेर ठेवू नका. तिला टोमॅटोसारखं खोलही पुरू नका. मेथी, कोथिंबीर, मुळा यांना यातलं काहीच लागत नाही. ते थेट बाल्कनीतल्या कुंडीत पेरायचे, जन्मापासून उन्हातच.

आणि रोपवाटिकेतून तयार रोपं आणणार असाल, तर ती तिथे कुठे ठेवलेली होती ते आधी बघा. उघड्यावरची असतील तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लावा. हिरव्या जाळीखालची असतील, तर रोप कितीही टणक दिसो, घरी आणून चार-पाच दिवस साडीखाली काढायचेच.