कर्ज भावाच्या नावावर, हप्ता माझा

"तुझा सिबिल चांगला आहे, तुझ्या नावावर काढ ना." वसई-विरारमध्ये रिक्षा घ्यायची असो की गाळ्याचं डिपॉझिट भरायचं असो, ही विनंती घरातच होते. सख्ख्या भावाला नाही कसं म्हणणार?

समजा, नालासोपाऱ्यातल्या धाकट्याचा स्कोअर 610 आहे आणि नोकरदार भाईजानचा 780. भाईजानच्या नावावर 3 लाखांचं पर्सनल लोन निघालं. व्याज 14 टक्के, मुदत 3 वर्षं, हप्ता साधारण 10,250 रुपये. पैसे धाकटा देतो, पण बँकेच्या दप्तरी तो नाहीच. हप्ता चुकला तर फोन भाईजानला येतो आणि स्कोअरही त्यांचाच पडतो. 2025 च्या जानेवारीपासून बँका ही माहिती महिन्यातून किमान दोनदा क्रेडिट ब्युरोला देतात, त्यामुळे डाग लवकर दिसतो.

एकही हप्ता चुकला नाही, तरी भाईजान घरकर्जाला गेले की बँक पगारातून हे 10,250 आधी वजा धरते. विरारचा फ्लॅट इथेच हातचा जातो, आणि तेव्हा कुणाला दोष द्यायचा?

धाकट्याचं काय? 36 हप्ते वेळेवर भरून स्कोअर सुधारतो तो भावाचा. त्या पैशातून भाईजानच्या नावावर गाडी घेतली असेल, तर उद्या त्यांचं बरंवाईट झाल्यावर तिच्यावर वारस हक्क सांगतील. "हप्ते मी भरले" हे सिद्ध कसं करणार, रोख दिले असतील तर?

एवढं होऊनही कर्ज घ्यायचंच असेल, तर दोघांच्या सहीचा कागद करा आणि पैसे हप्त्याच्या तारखेच्या तीन दिवस आधी खात्यातूनच पाठवा. भाईजाननीही आपला क्रेडिट रिपोर्ट बघत राहावा. प्रत्येक ब्युरो वर्षातून एकदा तो फुकट देतो.